शंभर मुलं, अठ्ठावीस रुपये, एकशे तीस दिवस

सामाजिक संस्थेच्या बजेटमध्ये एक ओळ असते: ‘आहार – 3,64,000’. त्या चौकोनावर क्लिक केलं की वरच्या पट्टीत सूत्र दिसतं, `=100*28*130`. शंभर मुलं, रोजचे अठ्ठावीस रुपये, एकशे तीस दिवस. गुणाकार बरोबर आहे आणि एक्सेलला तेवढंच कळतं. पण निधी देणाऱ्या कंपनीच्या किंवा ट्रस्टच्या कार्यालयात ज्याच्या टेबलावर हे कागद जातात, त्याला गुणाकार तपासायचा नसतो. त्याला विचारायचं असतं, अठ्ठावीसच का? सरकारी अंगणवाडीच्या पूरक आहारासाठी केंद्राने 2017 साली एका मुलामागे दिवसाला आठ रुपये धरले होते. मग इथे साडेतीन पट का? आणि शंभरच्या शंभर मुलं एकशे तीस दिवस रोज येणार, हे कोणी ठरवलं?

या प्रश्नांची उत्तरं ज्या कागदात असतात त्याला संस्थांच्या बोलीत ‘बजेट नॅरेटिव्ह’ म्हणतात. प्रस्तावासोबत तो जोडावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तो सर्वात शेवटी, मुदत संपण्याच्या आदल्या रात्री लिहिला जातो. त्यामुळे त्यात वाक्यं येतात ती अशी: ‘सेविकांचे मानधन प्रकल्पाच्या यशस्वी अंमलबजावणीसाठी अत्यंत आवश्यक आहे.’ हे वाक्य कुठल्याही प्रकल्पाला, कुठल्याही रकमेला चिकटवता येतं, म्हणून ते कोणाच्याच कामाचं नसतं.

नीट लिहिलेला नॅरेटिव्ह काय करतो हे एका नमुन्यावरून पाहता येईल. नमुना रचलेला आहे, आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत. परिस्थिती मात्र खरी आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणीकडची ऊसतोड कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघतात. बैलगाडीवर ऊस वाहणाऱ्या जोड्या कारखान्याजवळच्या तळावर कोप्या करून हंगामभर राहतात. भल्या पहाटे, अंधारातच नवरा-बायको फडात जातात. लहान मुलं एक तर सोबत फडात, नाही तर कोपीत थोरल्या बहिणीच्या हवाली. एका छोट्या संस्थेला अशा चार तळांवर, तीन ते सहा वयाच्या शंभर मुलांसाठी हंगामी बालकेंद्रं चालवायची आहेत.

तिची पहिली शीट नेहमीसारखी खर्चाच्या हेडनुसार होती. आठ सेविकांना महिना आठ हजार, सहा महिने: 3,84,000. एक समन्वयक, महिना बावीस हजार, आठ महिने: 1,76,000. आहार 3,64,000. प्रशिक्षण 42,000. चार शेड 1,40,000. खेळणी, सतरंज्या, भांडी वगैरे साहित्य 60,000. समन्वयकाचा प्रवास 24,000. हिशेबनीस, ऑडिट आणि कार्यालयाच्या भाड्यातला वाटा मिळून 99,000. एकूण 12,89,000.

हिशेबनिसाला ही मांडणी सोयीची आहे, कारण त्याच्या खातेवहीत हेच हेड आहेत. पण प्रस्तावाच्या मजकुरात संस्था हेडबद्दल बोलतच नाही. तिथे ती कामांबद्दल बोलते: तळांवर सर्वेक्षण करून केंद्र उभं करणं, सेविकांचं प्रशिक्षण, केंद्र रोज चालवणं, दोन वेळचं खाणं, आणि हंगाम संपल्यावर मुलांची त्यांच्या गावच्या अंगणवाडीत नोंद होते की नाही हे पाहणं. पाच कामं एकीकडे, आठ हेड दुसरीकडे, आणि मधे काहीच नाही. नॅरेटिव्ह लिहिण्याचं खरं काम या मधल्या जागेत सुरू होतं.

पहिली पायरी म्हणजे एक साधा तक्ता. आडव्या ओळीत कामं, उभ्या ओळीत हेड, आणि प्रत्येक हेडची रक्कम कामांमध्ये वाटायची. साहित्य किंवा शेड वाटणं सोपं, ते सरळ एका कामात जातं. माणसं वाटणं अवघड. समन्वयकाचे आठ महिने कशात जाणार? इथे अंदाजाने टक्केवारी ठोकण्यापेक्षा कॅलेंडर समोर ठेवलेलं बरं. एक महिना सर्वेक्षण आणि उभारणीत, पंधरा दिवस प्रशिक्षणात, पाच महिने केंद्रांवर देखरेखीत, उरलेला दीड महिना हंगामानंतरच्या पाठपुराव्यात. रुपयांत: 22,000, 11,000, 1,10,000 आणि 33,000. सेविकांचंही तसंच. त्यांच्या सहा महिन्यांतला पहिला महिना अर्धा सर्वेक्षणात आणि अर्धा प्रशिक्षणात जातो, म्हणजे आठजणींचे मिळून 32,000 आणि 32,000. उरलेले 3,20,000 रोजच्या कामाचे.

आता प्रशिक्षणाकडे पाहा. शीटमध्ये त्याची किंमत 42,000 होती: सेविका आणि समन्वयक मिळून नऊजण, पाच दिवस निवासी, माणशी रोज सहाशे, अधिक प्रशिक्षकाचे दिवसाला तीन हजार. कामानुसार मांडल्यावर त्यात सेविकांचे 32,000 आणि समन्वयकाचे 11,000 मिसळले आणि प्रशिक्षण 85,000 वर गेलं. खर्च एका पैशाने वाढलेला नाही. पण पाच दिवसांच्या वर्गाआधी आणि नंतर दुसऱ्या केंद्रावर बसून शिकण्याचे दिवसही पगारी आहेत, हे आता दिसतं. निधी देणारा ‘प्रशिक्षण पाचऐवजी तीन दिवसांचं करा’ म्हणाला तर नेमकं किती वाचेल, हेही मग कागदावरून सांगता येतं: नऊजणांचे दोन दिवस आणि प्रशिक्षकाचे दोन दिवस, 16,800 रुपये. पंच्याऐंशी हजारांतले बाकीचे तसेच राहतात.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक आकड्यामागचा निर्णय वाक्यात उतरवणं. तळावरच्या केंद्राला एका सेविकेऐवजी दोन का लागतात? शीटमध्ये फक्त `8` आहे. नॅरेटिव्हमधला परिच्छेद साधारण असा होतो:

‘आईबाप पहाटे पाचच्या आत तळ सोडतात आणि दुपारी उशिरा परततात. त्यामुळे केंद्र पहाटे साडेचार ते संध्याकाळी पाच उघडं राहील. एका सेविकेकडून साडेबारा तासांचं काम करून घेता येणार नाही. म्हणून प्रत्येक केंद्रावर दोघी, पहिली साडेचार ते अकरा आणि दुसरी साडेदहा ते पाच. मधला अर्धा तास दोघी सोबत असतील, कारण त्याच वेळी जेवण होतं आणि पंचवीस मुलांना एकटीने वाढणं अवघड जातं. पहाटेच्या सेविकेला अंधारात लांबून यावं लागू नये म्हणून ती तळावरची किंवा लगतच्या वस्तीतलीच निवडू. त्यामुळे प्रवासभत्ता धरलेला नाही. 2 सेविका × 4 केंद्रं × 8,000 × 6 महिने = 3,84,000.’

या परिच्छेदात विशेषण जवळपास नाहीच. वेळ, कारण, संख्या, गुणाकार, एवढंच. आणि त्याचा एक फायदा लिहिणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो: निधी देणारा ‘एकाच सेविकेत भागवा’ म्हणाला, तर त्याला पैशांवर बोलता येत नाही, त्याला केंद्राच्या वेळेवर बोलावं लागतं. म्हणजे खर्चाची घासाघीस कामाच्या चर्चेत बदलते. संस्थेला हवी असते ती हीच चर्चा.

अठ्ठावीस रुपयांचंही असंच फोडून सांगावं लागतं. सकाळी उपमा किंवा शिरा सहा रुपये, दुपारी डाळ-भाजी घातलेली खिचडी किंवा वरणभात तेरा, दुपारनंतर अंडं किंवा केळं-चिक्की सात, आणि इंधन दोन. अंगणवाडीच्या आठ रुपयांशी तुलना होणारच, तेव्हा ती टाळण्यापेक्षा आपणच करून टाकलेली बरी. अंगणवाडीचा आहार ‘पूरक’ आहे, घरच्या जेवणात भर घालणारा. तळावरच्या मुलाची पहाट ते संध्याकाळ केंद्रातच जाते, तेव्हा दिवसातलं बहुतेक खाणं तिथलंच. शिवाय डाळ, तेल, अंडी यांचे दर जवळच्या बाजारातून कोणत्या महिन्यात घेतले, हेही एका ओळीत लिहायचं. ती ओळ नसेल तर मार्चमध्ये भाव चढल्यावर संस्थेला दाखवायला काही उरत नाही.

इथपर्यंत नॅरेटिव्ह म्हणजे शीटचं स्पष्टीकरण आहे. पण हा कागद प्रामाणिकपणे लिहायला घेतला की तो उलटून शीटलाच प्रश्न विचारू लागतो, आणि त्याचा खरा उपयोग तिथे आहे. म्हणूनच तो आदल्या रात्री लिहून चालत नाही.

आहाराचा परिच्छेद लिहिताना ‘शंभर मुलांना एकशे तीस दिवस’ असं लिहायची वेळ आली आणि तळ माहीत असलेल्या समन्वयकाने हात आखडता घेतला. टोळ्या एका दिवशी येत नाहीत. पहिल्या महिन्यात कोप्या हळूहळू भरतात, शेवटच्या महिन्यात उठू लागतात, आणि मधल्या काळातही दहा-वीस टक्के मुलं आजारपण, बाजार, पाहुणे यांमुळे गैरहजर असतात. मग हिशेब बदलला. पहिले 26 दिवस सरासरी साठ मुलं, मधले 78 दिवस नव्वद, शेवटचे 26 दिवस पुन्हा साठ. तेरा हजारांऐवजी 10,140 ताटं. अठ्ठावीसने गुणलं तर 2,83,920. म्हणजे आधीच्या आकड्यात 80,080 रुपये असे होते जे खर्च होणारच नव्हते. वर्षाअखेरीस ते ‘अखर्चित’ म्हणून परत करावे लागले असते, नाही तर कुठे तरी जिरवण्याचा मोह झाला असता.

त्याच परिच्छेदात पुढचा प्रश्न आला: हे शिजवणार कोण? सेविका? तिच्याजवळ पंचवीस मुलं आहेत आणि चूल पेटलेली आहे, हे दोन्ही एका वाक्यात लिहिताच गडबड उघडी पडते. शीटमध्ये स्वयंपाकीण नव्हतीच. चार केंद्रं, महिना साडेतीन हजार, पाच महिने: 70,000. तिसरी गोम पाठपुराव्यात निघाली. हंगामानंतर समन्वयक मुलांच्या गावी जाऊन अंगणवाडीत नोंद झाली का पाहील, असं प्रस्तावात छातीठोकपणे लिहिलेलं. प्रवासाचे 24,000 मात्र फक्त तळांवरच्या फेऱ्यांचे होते: महिन्याला सोळा फेऱ्या, फेरीला साठ किलोमीटर, किलोमीटरला पाच रुपये, पाच महिने. बीडकडे जायला एक रुपया नव्हता. एसटी आणि मुक्काम धरून आठ फेऱ्या, फेरीला बाराशे: 9,600.

आता बेरीज घेतली तर 12,88,520. पहिल्या शीटपेक्षा फक्त 480 रुपये कमी. वरवर पाहणाऱ्याला काहीच बदललं नाही असं वाटेल. पण पहिल्या बजेटवर केंद्रं चालवली असती तर डिसेंबरात सेविका चुलीपाशी अडकली असती, एप्रिलनंतरचा पाठपुरावा कागदावरच राहिला असता, आणि आहाराच्या हेडमध्ये पैसे पडून राहिले असते.

कामानुसार अंतिम चित्र असं: सर्वेक्षण आणि उभारणी 2,54,000, प्रशिक्षण 85,000, केंद्र रोज चालवणं 4,54,000, आहार 3,53,920, पाठपुरावा 42,600, आणि कुठल्याच एका कामात न बसणारे 99,000.

या शेवटच्या रकमेवर थोडं थांबायला हवं, कारण सर्वात जास्त गैरसमज इथेच आहेत. कंपन्यांच्या सीएसआर निधीतून पैसे मागताना संस्थांना सर्रास ऐकवलं जातं, ‘ॲडमिन पाच टक्क्यांच्या वर चालत नाही, कायदा आहे.’ सीएसआर नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे हे खरं, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनखर्चावर आहे. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. कंपनी स्वतःच्या धोरणाने संस्थेला मर्यादा घालू शकते, पण ते तिचं धोरण झालं. परदेशी देणगीची गोष्ट वेगळी. 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएखाली प्रशासकीय खर्च वर्षभरात वीस टक्क्यांच्या वर नेता येत नाही. त्याआधी ही मर्यादा पन्नास टक्के होती. तिथेही शाळेच्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाचा खर्च, प्रशासनात मोजत नाहीत, हिशेबनिसाचा मोजतात.

म्हणून ‘प्रशासन – 99,000’ अशी एक ओळ लिहून पुढे जाणं संस्थेलाच महागात पडतं. नमुन्यातल्या संस्थेने ती फोडली. हिशेबनिसाचा महिन्याचा पगार वीस हजार. संस्थेचे एकूण चार प्रकल्प जवळपास सारख्या आकाराचे, म्हणून पाव वाटा, बारा महिने, 60,000. ऑडिट 15,000. कार्यालयाच्या भाड्यातला वाटा 24,000. पाव वाटा कशाच्या आधारावर, हे लिहिणं महत्त्वाचं, कारण तोच हिशेबनीस चार निधी देणाऱ्यांच्या बजेटमध्ये प्रत्येकी चाळीस टक्के दाखवला गेला तर ऑडिटरला एका माणसाचे एकशे साठ टक्के सापडतात. असं होत नाही, असं समजण्याचं कारण नाही. आणि समन्वयक? त्याला प्रशासनात टाकायची सवय फार आहे. पण कामांच्या तक्त्यात त्याचा प्रत्येक महिना कुठे जातो हे आधीच दिसलेलं आहे. तो प्रशासन नाही, तो प्रकल्प आहे.

कागद तयार झाल्यावर तपासणी करायची ती तीन प्रकारे. एक, शीटवरची प्रत्येक रक्कम आणि नॅरेटिव्हमधली प्रत्येक रक्कम जुळवायची; शेवटच्या दिवशी शीटमध्ये दर बदलला आणि नॅरेटिव्हमध्ये जुनाच राहिला, हा सर्वात नेहमीचा घोटाळा. दोन, प्रस्तावातलं प्रत्येक क्रियापद घेऊन त्याला पैसे आहेत का पाहायचं. ‘पालकसभा घेऊ’ असं लिहिलं असेल आणि कुठेच खर्च नसेल, तर एक तर ती फुकटात होते असं सांगायचं किंवा ती काढून टाकायची. तीन, प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एखाद्याला शीट न दाखवता फक्त नॅरेटिव्ह द्यायचा आणि एकूण रक्कम मांडायला सांगायची. त्याची बेरीज 12,88,520 आली तर कागद पुरा आहे. तो जिथे अडेल तिथे वाक्य अपुरं आहे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. समन्वयकाचा ‘अर्धा महिना प्रशिक्षणात’ हा अंदाजच असतो. तो 11,000 रुपये असा टोकदार लिहिल्याने अचूक होत नाही. फार बारीक फोड केली तर संस्था स्वतःच्याच हातांनी बांधली जाते: केळ्यांऐवजी पेरू दिले म्हणून खुलासा लिहीत बसावं लागतं. आणि कामांची संख्या पंधरा-वीस झाली की तक्ता कोणीच वाचत नाही. पाच ते सात कामं, प्रत्येकाला अर्धं ते पाऊण पान, एवढं पुरतं.

एवढ्या खटाटोपाचा हिशेब चुकता होतो तो बहुधा निधी देणाऱ्याचा फोन आल्यावर. ‘प्रस्ताव आवडला, पण अकरा लाखांत बसवा.’ फक्त हेडची शीट हातात असलेली संस्था सगळ्या ओळींना सरसकट पंधरा टक्के कात्री लावते. मग अंडं जातं, शेडचे पत्रे पातळ होतात, दुसऱ्या सेविकेचे तास घटतात, आणि शंभर मुलांचं आश्वासन मात्र कागदावर तसंच राहतं. कामानुसार हिशेब मांडलेल्या संस्थेला एक केंद्र म्हणजे नेमकं काय हे माहीत असतं: दोन सेविकांचे 96,000, शेड 35,000, साहित्य 15,000, आहार 70,980, स्वयंपाकीण 17,500, दोघींचं प्रशिक्षण 6,000 आणि फेऱ्यांचे 6,000, एकूण 2,46,480. म्हणजे तीन केंद्रं, पंचाहत्तर मुलं, 10,42,040 रुपये. अकरा लाखांत बसतं. फक्त त्यासोबत दुसरा आकडाही सांगावा लागतो: समन्वयक आणि कार्यालय तेवढेच राहत असल्यामुळे नोंदवलेल्या एका मुलामागचा खर्च 12,885 वरून 13,894 रुपयांवर जातो. तो आकडा फोनवर तोंडी न सांगता सुधारित नॅरेटिव्हच्या पहिल्या पानावर लिहून पाठवायचा, म्हणजे वर्षाअखेरीस ‘खर्च कमी केला, तरी मुलामागे महाग कसं पडलं?’ ही विचारणा होत नाही.